साठ दिवस नव्हे, दोन महिने

इंग्रजी नोटिशीत ‘टू मन्थ्स’ असतं आणि मराठी भाषांतरात त्याचं ‘60 दिवस’ होतं. भाषांतर करणाऱ्याला वाटतं, आपण सोपं करून दिलं. प्रत्यक्षात त्यानं एक तारीख बदललेली असते. ट्रेडमार्कच्या हरकतीत चुकीच्या तारखेला नंतर औषध नाही.

हिशेब करून बघा. ट्रेडमार्क कायदा 1999 चा, त्याचं कलम 21. तुमच्या अर्जावर कुणी हरकत घेतली आणि त्या हरकतीची प्रत तुमच्या हाती पडली, की दोन महिन्यांत तुम्हाला आपलं म्हणणं दाखल करावं लागतं. त्याला वकील लोक काउंटर स्टेटमेंट म्हणतात. प्रत मिळाली 10 जानेवारी 2025 ला, तर दोन महिने संपतात 10 मार्चला. आता 60 दिवस मोजा: जानेवारीचे 21, फेब्रुवारीचे 28, मार्चचे 11. उत्तर आलं 11 मार्च. भाषांतरावर भिस्त ठेवून जो दुकानदार 11 तारखेला कागद भरायला गेला, त्याचा अर्ज आदल्या दिवशीच संपलेला आहे.

ही चूक वर्षानुवर्षं पकडली जात नाही, याचं कारणही या हिशेबातच आहे. जुलैत प्रत मिळाली तर दोन महिने म्हणजे 62 दिवस. एप्रिलमध्ये मिळाली तर 61. साठ दिवस धरणारा माणूस त्या वेळी एक-दोन दिवस आधीच कागद भरतो, कुणाचं काही बिघडत नाही आणि तोच नमुना पुढच्या नोटिशीला वापरला जातो. घोळ होतो तो फक्त 31 डिसेंबर ते 28 फेब्रुवारी या काळात मिळालेल्या प्रतींत, आणि तोही लीप वर्ष नसेल तेव्हा. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हाच काळ कापूस विक्रीच्या गर्दीचा. जिनिंगवाला, बियाणेवाला, कृषी केंद्रवाला, कुणालाही कागद पुन्हा वाचायला सवड नसते.

कायद्यातला महिना म्हणजे तीस दिवसांचं गाठोडं नव्हे. सामान्य परिभाषा अधिनियम 1897 चा आहे आणि त्यात महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना, असं स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 2010 मध्ये हिमाचल प्रदेश सरकारच्या एका लवादाच्या प्रकरणात ‘तीन महिने’ आणि ‘नव्वद दिवस’ या दोन वेगळ्या मुदती असल्याचं सांगितलं; महिना मोजायचा तो त्याच तारखेपासून पुढच्या त्याच तारखेपर्यंत. म्हणून भाषांतरात ‘दोन महिने’ असंच लिहा. शेजारी शेवटची तारीख काढून द्यायची असेल तर द्या, पण ती टीप म्हणून, कंसात, आपल्या सहीनिशी. मूळ नोटिशीत तारीख नसेल तर ती मूळ मजकुरात घुसवू नका.

मुदत कुठून मोजायची, हे दुसरं. कलम 21 मध्ये शब्द आहे प्रत ‘मिळाल्यापासून’. भाषांतरात मी हे ‘नोटिशीच्या तारखेपासून’ असं उतरलेलं पाहिलं आहे आणि ‘हरकत दाखल झाल्यापासून’ असंही. हे तीन दिवस तीन वेगळे असतात. हरकतदार टीएम-ओ हा फॉर्म भरतो तो एक दिवस, त्याच्या वकिलाची सही असते तो दुसरा, आणि नोंदणी कार्यालयानं पाठवलेली प्रत अर्जदाराला मिळते तो तिसरा. पहिल्या आणि तिसऱ्यात कित्येक आठवड्यांचं अंतर पडू शकतं. यवतमाळचा अर्जदार मुंबईच्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या हद्दीत येतो आणि प्रत येते ती बहुधा ईमेलवर. तो ईमेल नागपूरच्या एजंटाचा असतो किंवा अर्ज भरून देणाऱ्या कॉम्प्युटर सेंटरवाल्या पोराचा असतो, दुकानदाराचा क्वचितच. मद्रास उच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं की दोन महिने मोजायचे ते अर्जदाराला प्रत खरोखर मिळाल्यापासून. दुसरीकडे 2017 च्या नियमांत ईमेल पाठवला त्या वेळीच तो बजावला गेला असं धरण्याची तरतूद आहे. या दोन्हींच्या मध्ये सापडायचं नसेल तर सुरक्षित मार्ग एकच: ईमेल सुटला ती तारीख धरून चालायचं. भाषांतर करणाऱ्यानं मात्र निवाडा द्यायचा नाही. त्यानं ‘मिळाल्यापासून’ लिहायचं, आणि ईमेलच्या डोक्यावरची तारीख-वेळ जशीच्या तशी वर उतरवून द्यायची. ती नोटिशीचा भाग नाही म्हणून बहुतेक जण ती सोडतात, आणि मग पुढच्या माणसाला दिवस कुठून मोजायचे तेच कळत नाही.

मुदत चुकल्यावर काय होतं, ते सांगणारं वाक्य तर हमखास मऊ केलं जातं. कायदा म्हणतो, म्हणणं दाखल केलं नाही तर अर्जदारानं आपला अर्ज सोडून दिला असं मानलं जाईल. ‘मानलं जाईल’. तुम्ही सोडला की नाही, सोडायची इच्छा होती की नाही, हे कुणी विचारत नाही. भाषांतरात याचं होतं ‘अर्ज रद्द होऊ शकतो’. ‘होऊ शकतो’ वाचल्यावर माणूस म्हणतो, बघू, भेटून विनंती करू. इथे विनंतीला जागाच ठेवलेली नाही. हरकतदारालाही तीच शिस्त आहे. काउंटर स्टेटमेंट मिळाल्यावर दोन महिन्यांत त्यानं शपथपत्रावर पुरावा दिला नाही किंवा नोटिशीतल्याच म्हणण्यावर अवलंबून राहतो असं कळवलं नाही, तर त्यानं हरकत सोडली असं मानलं जातं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2024 मध्ये सन फार्मा आणि डाबर यांच्या वादात ही मुदत सक्तीची ठरवली. म्हणजे हे वाक्य समजलं तर अर्जदाराला समोरच्याची चूक पकडता येते, आणि मऊ झालं तर स्वतःचा अर्ज जातो.

जुन्या नमुन्यांचीही एक अडचण आहे. जर्नलमध्ये जाहिरात आल्यावर हरकत घ्यायला आज चार महिने मिळतात आणि त्यापुढे एक दिवसही वाढवून मिळत नाही. हा बदल 8 जुलै 2013 पासून लागू झाला. त्याआधी तीन महिने आणि अर्ज करून एक महिना जादा, अशी रीत होती. कुणाच्या कपाटात पडलेली त्या काळची मराठी नोटीस समोर ठेवून नवी भाषांतरं होतात आणि ‘तीन महिने, वाढीव मुदतीस पात्र’ असं वाक्य अजून अधूनमधून डोकं वर काढतं. जिथे मुदत आहे तिथे जुन्या भाषांतरावरून नक्कल करूच नये. समोरची इंग्रजी ओळ वाचावी.

आता मालाकडे येऊ. यवतमाळात खरी दाणादाण इथे उडते.

ट्रेडमार्कच्या व्यवहारात मालाचे आणि सेवांचे मिळून 45 वर्ग आहेत, पहिले 34 मालाचे. ही विभागणी आंतरराष्ट्रीय आहे आणि तिच्यात प्रत्येक शब्दाची जागा ठरलेली आहे. आपल्या बोलीत मात्र एक शब्द चार वर्गांत हिंडतो. कापूस घ्या. शेतातून निघून सरकी वेगळी केलेली रुई हा वर्ग 22 चा माल. जखमेवर लावायचा शोषक कापूस वर्ग 5. तोंड पुसायचा, सौंदर्यप्रसाधनाचा कापूस वर्ग 3. सूत झालं की वर्ग 23, कापड झालं की 24. सरकीचं खायचं तेल वर्ग 29 मध्ये जातं आणि त्याच सरकीची ढेप जनावरापुढे ठेवली की वर्ग 31. एका जिनिंगच्या आवारात इतके वर्ग नांदतात. भाषांतरात नुसतं ‘कापूस व कापूसजन्य उत्पादने’ लिहिलं की अर्जदाराला वाटतं आपल्या सगळ्या धंद्यावर हरकत आली, आणि हरकत असते फक्त वर्ग 5 मधल्या पट्टीच्या कापसावर.

याहून अवघड शब्द आहे ‘औषध’. आमच्याकडे शेतकरी कीटकनाशकाला औषध म्हणतो, तणनाशकाला औषध म्हणतो, झाडाची वाढ करणाऱ्या द्रावणालाही औषधच म्हणतो. फवारायचं ते औषध, इतका साधा अर्थ. एक उदाहरण तपशिलात घेतो. समजा, पांढरकवड्याच्या एका कृषी केंद्रवाल्यानं स्वतःच्या नावानं माल भरायला सुरुवात केली आणि त्या नावासाठी एकच अर्ज दोन वर्गांत केला. वर्ग 1 मध्ये त्यानं लिहिलं: खते, वनस्पतींच्या वाढीची नियामक द्रव्ये, आणि शेतीत वापरायची रसायने; त्यांतून बुरशीनाशके, तणनाशके, कीटकनाशके व परजीवीनाशके वगळून. वर्ग 31 मध्ये लिहिलं: पेरणीसाठीचे बियाणे. नाव जर्नलमध्ये आलं. वर्ग 5 मध्ये कीटकनाशकांसाठी जुनी नोंदणी असलेल्या एका कंपनीनं चार महिन्यांच्या आत हरकत घेतली, आणि ती फक्त वर्ग 1 पुरती घेतली.

या नोटिशीच्या मालाच्या ओळीत सगळ्यात महत्त्वाचा शब्द ‘वगळून’ हा आहे. वर्ग 1 आणि वर्ग 5 यांच्यातली भिंत त्या शब्दावर उभी आहे. भाषांतर करणाऱ्यानं त्या लांबलचक यादीचं ‘शेतीची खते व औषधे’ केलं तर भिंत पडली. आता मराठी कागद वाचून दुकानदार आपल्या वकिलाला फोनवर सांगतो, ‘हो साहेब, आमची औषधं 2016 पासून विकतो आम्ही.’ वकील ते तसंच उतरवतो. हरकतदाराला जे सिद्ध करायला पुराव्याचे गठ्ठे लागले असते, म्हणजे दोघांचा माल एकाच जातीचा आहे, ते अर्जदारानं स्वतःच्या म्हणण्यात कबूल करून टाकलं. ज्या जिल्ह्यात 2017 च्या हंगामात फवारणी करताना कीटकनाशकाच्या विषबाधेनं माणसं गेली, तिथे वाढीचं द्रावण आणि कीटकनाशक यांतला फरक कागदावर पुसणं मला कोणत्याच बाजूनं क्षम्य वाटत नाही.

यावर उपाय आहे आणि त्याला फार विद्वत्ता लागत नाही. मालाची यादी मूळ नोटिशीत ज्या क्रमानं आणि ज्या अर्धविरामांनी तोडलेली आहे, त्याच क्रमानं मराठीत उतरवायची. प्रत्येक नावासाठी एक मराठी नाव ठरवायचं आणि पूर्ण कागदात तेच ठेवायचं. तिसऱ्या परिच्छेदात ‘कीटकनाशक’ आणि नवव्या परिच्छेदात ‘फवारणीचे औषध’ असं करायचं नाही. ‘वगळून’ कुठल्या नावांना लागू आहे ते वाक्यरचनेत दिसलं पाहिजे. ते फक्त शेतीच्या रसायनांना लागू आहे, खतांना नाही. मराठीत सगळी यादी आधी देऊन शेवटी ‘वगळून’ टाकलं की ते खतांवरही जाऊन बसतं. त्यासाठी यादी तोडून दोन वाक्यं करावी लागली तरी चालतील.

आणि हरकत कोणत्या वर्गापुरती आहे ते पहिल्या पानावरच दिसलं पाहिजे. हरकतीची फी वर्गागणिक असते, ऑनलाइन भरली तर एका वर्गाला 2,700 रुपये. आपल्या उदाहरणात कंपनीनं एकाच वर्गाची फी भरली आहे. वर्ग 31 मधल्या बियाण्याला कुणी हात लावलेला नाही. पण अर्ज एक असल्यामुळे तो सगळाच अडकून राहतो. बियाण्याचा भाग मोकळा करून घ्यायचा असेल तर अर्जदारानं टीएम-एम फॉर्म भरून अर्जाची विभागणी मागायला हवी. भाषांतरात ‘वर्ग 1 मधील मालापुरती’ हे शब्द गळले तर त्याला हे कळणारच नाही. वर्ग 1 चा वाद चालेल तितकी वर्षं बियाण्याची पाकिटं नोंदणीविना विकली जातील.

वर्गाचा आकडा जुळला म्हणजे माल जुळला, असं समजणारेही आहेत, आणि ते भाषांतरात दोन्हींना ‘एकाच प्रकारचा माल’ म्हणून मोकळे होतात. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2018 मध्ये नंधिनी डिलक्सच्या प्रकरणात हे साफ केलं. कर्नाटकच्या दूध महासंघाचं ‘नंदिनी’ दूध आणि बंगळुरूच्या रेस्टॉरंटवाल्यांचं ‘नंधिनी डिलक्स’. रेस्टॉरंटवाल्यांनी खाद्यपदार्थांसाठी मागितलेल्या नोंदणीत महासंघाच्या मालाचाच वर्ग होता. न्यायालयाने म्हटलं, वर्ग एक असल्यानं माल सारखा ठरत नाही. दूध आणि दुधाचे पदार्थ सोडून रेस्टॉरंटवाल्यांना नोंदणी मिळाली. तेव्हा नोटिशीत ‘त्याच वर्गातील माल’ असेल तर मराठीत तेच लिहा, आणि ‘सारखा माल’ असेल तर ते. हे दोन वेगळे आरोप आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत.

‘सारखा’ या शब्दावर मला थांबावंच लागेल, कारण हरकतीची कारणं त्याच्यावर तोललेली असतात. कलम 11 चं पहिलं पोटकलम दोन पायऱ्या धरून चालतं: चिन्ह हुबेहूब तेच आहे की मिळतंजुळतं आहे, आणि माल तोच आहे की मिळताजुळता आहे. इंग्रजीत या दोन पायऱ्यांना दोन शब्द आहेत. मराठीत बोलताना आपण दोन्हींना ‘सारखं’ म्हणतो. भाषांतरात एकाला ‘तेच’ आणि दुसऱ्याला ‘मिळतंजुळतं’ असं पक्कं वाटून घेतलं नाही, तर अर्जदाराला आपल्यावर नक्कलीचा आरोप आहे की साम्याचा, हेच उमगत नाही.

त्याच कलमाचं दुसरं पोटकलम नेमकं उलट जमिनीवर उभं आहे. तिथे हरकतदार म्हणतो, माल वेगळा आहे, तरी माझं चिन्ह भारतात इतकं गाजलेलं आहे की त्याचा फायदा तुम्ही घेता किंवा त्याच्या लौकिकाला धक्का लावता. एकाच नोटिशीत दोन्ही कारणं असतात, कारण वकील सगळी दारं उघडी ठेवतो. भाषांतर करणारा मात्र दोन परिच्छेद जवळपास एकसारखे दिसले म्हणून ते एकत्र करतो आणि लिहितो: ‘मालात साम्य असल्याने व चिन्ह प्रसिद्ध असल्याने गोंधळ होईल.’ या वाक्यात ना 11(1) राहिलं, ना 11(2). पांढरकवड्याच्या आपल्या दुकानदाराला 11(2) च्या उत्तरात विचारायचं असतं, तुमचं चिन्ह गाजलेलं असल्याचा पुरावा काय? तो प्रश्न त्याला सुचणारच नाही, कारण त्याच्या मराठी कागदात ते कारण स्वतंत्र दिसलेलंच नाही.

आणखी एक शब्दप्रयोग प्रत्येक नोटिशीत भेटतो, ‘डिसेप्टिव्हली सिमिलर’. त्याचं मराठी ‘फसवणुकीच्या हेतूने केलेले साम्य’ असं सर्रास होतं. कायद्याच्या व्याख्येत हेतूचा शब्दही नाही. एक चिन्ह दुसऱ्याशी इतकं जवळ जातं की त्यामुळे फसगत किंवा गोंधळ होण्याचा संभव आहे, एवढाच तिचा अर्थ. अर्जदाराच्या मनात काय होतं याच्याशी त्या व्याख्येला कर्तव्य नाही. हेतू घुसवल्याचा परिणाम असा होतो की दुकानदार भडकतो. तीन पिढ्यांचा धंदा, आम्हाला चोर म्हणता? त्याचं सगळं उत्तर आपण प्रामाणिक आहोत हे सांगण्यात जातं आणि दोन नावं कानाला, डोळ्याला वेगळी का वाटतात, हे सांगायचं राहून जातं. वाईट हेतूनं अर्ज केला, असा आरोप हरकतदाराला करायचा असेल तर तो वेगळा करावा लागतो, त्याचं कलम वेगळं आहे. म्हणून ‘फसगत होईल असे साम्य’ लिहा. आणि ‘संभव’ हा शब्द जिथे असेल तिथे तो ठेवा. ‘गोंधळ होतो’ आणि ‘गोंधळ होण्याचा संभव आहे’ यांत पुराव्याचं ओझं बदलतं.

कलमांचे आकडे आणि कंसातली अक्षरं मराठी करू नका, हेही इथेच सांगतो. 9(1)(बी) हे 9(1)(ब) झालं की कुणी तरी त्याचं 9(1)(ख) करतो, आणि वाचणारा कायद्याच्या पुस्तकात भलत्याच ओळीवर बोट ठेवतो. कलम 9 च्या पहिल्या पोटकलमात (ए) म्हणजे चिन्हाला वेगळेपणच नाही, (बी) म्हणजे ते मालाचं वर्णनच करतं, (सी) म्हणजे ते धंद्यात रुळलेलं बोलीतलं नावच आहे. तिन्हींना तीन उत्तरं. देवनागरीत लिहायचं तर अक्षराचा उच्चार लिहा, आपल्या वर्णमालेत त्याचा क्रमांक शोधू नका.

परिच्छेदांचे क्रमांक तर देवाच्या मूर्तीसारखे जागचे हलवू नयेत. नियम 44 प्रमाणे अर्जदाराला काउंटर स्टेटमेंटमध्ये सांगावं लागतं की नोटिशीतल्या कोणत्या गोष्टी त्याला मान्य आहेत. ते उत्तर ‘परिच्छेद 7 मधील मजकूर मान्य नाही’ अशा भाषेत जातं. भाषांतरात सातवा आणि आठवा एकत्र करून सुटसुटीत केला असेल, तर दुकानदारानं नवव्यातला मजकूर वाचून म्हटलेलं ‘आठ मान्य’ इंग्रजी नोटिशीतल्या आठव्याला लागतं. मूळ परिच्छेद कंटाळवाणा असेल, एकच गोष्ट पुन्हा सांगत असेल, तरी तो तसाच द्या.

नोटिशीच्या तळाशी सत्यापन असतं, आणि ते कुणी धड भाषांतरित करत नाही. नियम 43 मध्ये म्हटलं आहे की हरकतदारानं क्रमांक देऊन सांगायचं: कोणते परिच्छेद स्वतःला ठाऊक आहेत म्हणून खरे म्हणतो, आणि कोणते दुसऱ्याकडून मिळालेल्या माहितीवर विश्वास ठेवून खरे मानतो. मराठीत या दोन्हींचं एकच होऊन बसतं: ‘माझ्या माहितीप्रमाणे खरे आहे.’ आपल्या बोलण्यात ‘माझ्या माहितीप्रमाणे’ म्हणजे कधी डोळ्यांनी पाहिलेलं, कधी ऐकलेलं. पण अर्जदाराच्या वकिलाला हाच फरक हवा असतो. समजा, ‘आमचं चिन्ह विदर्भात 2005 पासून वापरात आहे’ हा परिच्छेद कंपनीच्या अधिकाऱ्यानं ऐकीव माहितीच्या गटात टाकला आहे. मग त्या वर्षाची बिलं मागायलाच हवीत. ‘परिच्छेद 1 ते 6 मला स्वतःला ज्ञात असल्याने, आणि 7 ते 15 मला मिळालेल्या व मी खऱ्या मानतो अशा माहितीवरून’ असं लांबट लिहावं लागतं. लिहा. तारीख आणि गावही त्याच्याखाली ठेवा, आणि महिना अक्षरांत लिहा. परदेशी हरकतदाराच्या कागदात 04/03 म्हणजे तीन एप्रिलही असू शकतो.

उलट दिशेचं कामही जिल्ह्यात येतं आणि ते पुराव्याच्या टप्प्यावर येतं. दुकानदाराची जुनी बिलं मराठीत, स्थानिक पेपरातली जाहिरात मराठीत, यात्रेतल्या फलकाचा फोटोही मराठीत. नोंदणी कार्यालयात कागद चालतात हिंदी किंवा इंग्रजी. नियम 49 प्रमाणे इतर भाषेतल्या कागदाचं साक्षांकित भाषांतर जोडावं लागतं. इथे ‘औषध’ हा शब्द पुन्हा समोर येतो, पण या वेळी तो बिलावर आहे आणि आपला पक्षकार तो बदलून हवा म्हणतो. 2016 च्या बिलावर ‘औषध 2 लि.’ असं हातानं लिहिलेलं असेल तर इंग्रजीत त्याचं ‘प्लांट ग्रोथ रेग्युलेटर’ करता येत नाही. बिलावरचा शब्द देवनागरीतून रोमनमध्ये जसाच्या तसा द्यायचा, शेजारी शब्दशः अर्थ द्यायचा, आणि तो कोणता माल होता हे दुकानदारानं आपल्या शपथपत्रात वेगळं सांगायचं, कंपनीच्या खरेदी बिलाचा किंवा स्टॉक रजिस्टरचा आधार देऊन. पुसट अक्षराच्या जागी ‘वाचता येत नाही’ असं लिहायचं, अंदाजाचा आकडा भरायचा नाही. समोरचा वकील मूळ बिल आणि भाषांतर शेजारी शेजारी धरतो. एका बिलात शब्द बदललेला सापडला, की उरलेल्या सगळ्या बिलांकडे बघण्याची नजर बदलते, आणि मग 2016 पासूनचा वापर सिद्ध करायला हातात काही उरत नाही.